तिसऱ्या खान्यातली खूण

बॉयलरवाला निवृत्त होऊन दीड महिना झाला होता, पण त्याचा जीव अजून ड्यूटीवरच होता. दर अर्ध्या तासाने उठायचं आणि काहीतरी तपासायचं. घरात बॉयलर नव्हता, म्हणून तो गॅसची कळ बघायचा, नळ बघायचा, दाराची कडी बघायचा. बायको म्हणायची, "अहो, बसा हो जरा. घराला काही वाफ चढत नाही." तो बसायचा आणि पुन्हा उठायचा.

त्या शुक्रवारी तर त्याने सकाळपासून कितीतरी वेळा कपाट उघडून एकच पाकीट बाहेर काढलं आणि पुन्हा आत ठेवलं. पाकिटात त्याच्या पेन्शनची पॉलिसी होती. ती टपालाने घरी आली त्याला आज अठ्ठावीस दिवस झाले होते. तीस दिवसांच्या आत पसंत नसेल तर परत करता येते, असं पहिल्याच पानावर छापलेलं होतं. शनिवार-रविवार विमा कंपनीचं ऑफिस बंद. म्हणजे जे काही करायचं ते आज चार वाजायच्या आत. नंतर ती जन्मभराची.

आणि ती चुकलेली होती.

ती कशी चुकली हे सांगायला त्याला लाज वाटायची. कागदाच्या कारखान्यात बॉयलरवर एक वही असते. दर तासाला वाफेचा दाब किती, पाण्याची पातळी किती, ते त्या वहीत लिहायचं. एकतीस वर्षं त्याने लिहिलं. खरं सांगायचं तर बहुतेक दिवस सगळं सुरळीत असायचं, त्यामुळे आधीच्या पाळीवाल्याने जो आकडा टाकलेला असेल तोच खाली टाकायची साऱ्यांनाच सवय लागलेली. दाब तोच, पाणी तेच, सही तेवढी वेगळी.

यंदा बॉयलरवरचे तिघे एकाच महिन्यात निवृत्त झाले. फंडात साठलेल्या रकमेतला काही भाग रोख मिळाला आणि उरलेल्याची विमा कंपनीकडून पेन्शन विकत घ्यायची होती, तसा नियमच होता. तिघे कॅन्टीनमध्ये फॉर्म घेऊन बसले. पाळीचा मुकादम शिकलेला, त्याने चष्मा चढवला, पानं उलटली आणि तिसऱ्या खान्यात खूण केली. वारस म्हणून मुलीचं नाव लिहिलं. मग त्याचा फॉर्म मधोमध ठेवून बाकीच्या दोघांनी आपापले भरले. तिसऱ्या खान्यात खूण. वारस, मुलगी. सही तेवढी वेगळी.

मुकादमाची बायको चार वर्षांपूर्वी वारली होती, हे बाकीच्या दोघांपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

ते डोक्यात आलं गेल्या आठवड्यात. मुकादम चहाला आला होता. बोलता बोलता म्हणाला, "मला काय, एकटा जीव. मी आहे तोवर पेन्शन खाणार, मी गेलो की मुद्दल पोरीला. तू मात्र वहिनींसाठी दुसरं काहीतरी बघितलं असशील ना?"

बॉयलरवाल्याने अर्धा चहा तसाच खाली ठेवला. मुकादम गेल्यावर त्याने पाकीट काढून बोट ठेवून ठेवून वाचलं. पेन्शन फक्त त्याच्या हयातीपर्यंत. तो गेला की मुद्दलाचे तीस लाख वारसाला, म्हणजे मुलीला. बायकोचं नाव आख्ख्या कागदावर कुठेच नव्हतं. एकतीस वर्षं भाकऱ्या भाजल्या त्या बाईने, आणि हा गेल्यावर तिला महिन्याला मिळणार होतं शून्य.

तेव्हापासून घरात तेच चाललं होतं. बायकोला पाकीट दाखवलं तेव्हा ती घाबरली नाही, हेच त्याला सहन होईना.

"मग वारस बदला की," ती म्हणाली. "पोरीच्या जागी माझं नाव घाला. मिटलं."

"तसं नाही गं मिटत. पेन्शन थांबेल ना माझ्याबरोबर."

"थांबू दे. तीस लाख येतील ना हातात? गठ्ठ्याने पैसा असला की माणसाला किंमत असते. पुंजी असलेल्या म्हातारीला लोक दोनदा चहा विचारतात. महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या तुकड्यांना कोण विचारतं?"

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्याला हवी होती दोघांची पेन्शन. तो गेला तरी तिला ती तशीच चालू राहणार. पण त्यासाठी नवा फॉर्म लागणार, त्यावर तिच्या जन्मतारखेचा पुरावा लागणार आणि तिची सही. आणि ती सही करायला तयार नव्हती.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता ती एवढंच म्हणाली, "ऑफिसात येते. सही करीनच असं नाही."

विमा कंपनीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट बंद. बॉयलरवाला पुढे, बायको मागे, प्रत्येक वळणावर तो थांबून घड्याळ बघायचा. वर लांबलचक खोली, काचेमागे पाच खुर्च्या, त्यातल्या दोनच भरलेल्या. टोकन घेऊन बसायचं होतं, पण तो बसला नाही. त्याने पाण्याचं यंत्र गळतंय का ते पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, आगीच्या वेळी वापरायच्या लाल नळकांड्यावरचा काटा हिरव्यात आहे ना ते पाहिलं.

"तुमचं नाही ते," बायको दबक्या आवाजात म्हणाली. "सोडा त्याला."

नंबर लागला. काउंटरवरच्या बाई चाळिशीच्या असाव्यात, कानामागे पेन खोचलेलं. त्यांनी पॉलिसी उलटून पाहिली, टपालाची तारीख पाहिली.

"आज अठ्ठाविसावा दिवस, काका. अगदी काठावर आलात."

"बदलता येईल ना?"

"येईल. ही परत घ्यायची, नवी द्यायची. रोख हातात मिळणार नाही, फंडाचा पैसा आहे, त्याची पेन्शनच घ्यावी लागते. स्टँपचा खर्च आणि मिळालेला हप्ता तेवढा वजा होईल. पण तीस दिवस उलटले की मग हा खाना कोणीही बदलू शकत नाही. वारस कधीही बदलता येतो, पर्याय नाही."

"बघा," बायको म्हणाली, "वारस कधीही बदलता येतो म्हणतात त्या."

बाईंनी दोघांकडे पाहिलं. असली जोडपी त्यांच्यासमोर रोज येत असणार. त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि दोघांची वयं विचारली. त्याचं साठ, तिचं चोपन्न. संगणकावर बोटं चालली आणि त्यांनी कागदावर चार ओळी लिहिल्या.

"तीस लाखांचे हे चार रस्ते. पहिला, फक्त काकांच्या हयातीपर्यंत, मागे काहीच नाही. महिन्याला वीस हजार चारशे. दुसरा, दोघांपैकी एक जण जरी आहे तोवर तेवढीच पेन्शन, शेवटी मुद्दल परत नाही. अठरा हजार दोनशे. तिसरा, तुम्ही घेतलेला. काकांच्या हयातीपर्यंत, नंतर मुद्दल वारसाला. सोळा हजार तीनशे. आणि चौथा, दोघांच्याही हयातीपर्यंत आणि दोघांनंतर मुद्दल वारसाला. सोळा हजार शंभर."

बॉयलरवाला कागदावर वाकला. "तिसऱ्यात आणि चौथ्यात दोनशेचाच फरक?"

"दोनशेचाच. मुद्दल परत द्यायचं म्हटलं की कंपनी फार करून त्याच्या व्याजातूनच तुम्हाला देते. मग ते एकाला दिलं काय, दोघांना दिलं काय, फार फरक पडत नाही. मुद्दल सोडून दिलंत की आकडा वाढतो, कारण तेही थोडं थोडं करून तुम्हालाच मिळत असतं."

बॉयलरवाल्याने दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून पाहिलं. दोनशेसाठी आपण तिला उघड्यावर टाकत होतो.

बायको मात्र कागदाकडे बघतही नव्हती. "बाई, एक विचारू? दुसरा रस्ता धरला आणि आम्ही दोघंही दोन वर्षांत गेलो तर?"

"तर संपलं, काकू. बाकीचं कंपनीकडे राहतं. हे मी लपवणार नाही."

"आणि मीच आधी गेले तर?"

"काकांना तेवढीच चालू राहील. वाढणार नाही, कमी होणार नाही."

"ऐकलंत?" बायको नवऱ्याकडे वळली. "एकतीस वर्षांचा घाम, आणि कंपनीच्या घशात. तिसरा काय वाईट आहे? वारस मला करा. तीस लाख हातात आले की मी बघीन माझं."

"काकू, तिसरा वाईट नाही," बाई म्हणाल्या. "तुमची स्वतःची पेन्शन असती तर मीच म्हटलं असतं, तोच राहू द्या. आलेल्या रकमेतून तेव्हा तुम्हाला स्वतःची नवी पेन्शनही घेता येईल. कदाचित जास्तच मिळेल, तुमचं वय वाढलेलं असेल ना. फक्त मी एक विचारते सगळ्यांना. समजा पैसे आले. पहिल्या महिन्यात काय कराल?"

"पहिल्या महिन्यात?" बायकोने पदर सावरला. "आधी पोरीचं घराचं कर्ज. जावई रात्रंदिवस राबतो बिचारा. बारा-तेरा लाख असेल. मग माझ्या धाकट्या भावाचं दुकान अडलंय, त्याला चार-पाच. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षं लांबलंय..."

ती थांबली. बाईंनी पेन कानामागे परत खोचलं. आणि नेमक्या त्याच क्षणी बॉयलरवाला, ज्याने गप्प बसायला हवं होतं, बोलला.

"हेच म्हणतो मी, बाई. हिच्या हातात पैसा टिकत नाही. कोणी रडत आलं की हिची मूठ उघडते."

बायकोने पिशवी उचलली.

"मुद्दा हा होता तर," ती म्हणाली. "माझ्या काळजीने जीव चाललाय असं वाटलं होतं मला. भरवसा नाही म्हणून सही हवीय." आणि ती दाराबाहेर गेली.

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"काका," बाई म्हणाल्या, "दुसरा-चौथा दोन्हींना काकूंची सही लागते. मी चारला खिडकी बंद करते."

तो बाहेर आला. व्हरांड्यात लाकडी बाकावर ती बसली होती, पिशवी मांडीवर, नजर जिन्याकडे. तो बसला, उठला, कठड्याशी गेला, परत आला.

"बसा नाहीतर जा," ती म्हणाली. "डोकं गरगरतं माझं."

तो बसला. काहीतरी बिनसलंय एवढंच त्याला कळत होतं. बॉयलरवर असताना असं व्हायचं. दाब वाढत चाललाय हे काट्याआधी अंगाला कळायचं, पण कुठून वाढतोय ते कळायला वेळ लागायचा.

"तुझ्याबद्दल नाही बोललो मी," तो म्हणाला.

"मग काय त्या बाईंबद्दल बोललात?"

"माझ्याबद्दल बोललो." त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले. "बाबा गेले तेव्हा कारखान्याने आईला रक्कम दिली होती. गठ्ठ्याने. आठवतं?"

"आठवतं. आपल्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं."

"मी तिला म्हटलं, आई, खोलीचं डिपॉझिट भरतो, वर्षात परत देतो. तिने एक शब्द विचारला नाही. पिशवीच हातात दिली. मग वर्ष गेलं, पोरगी झाली, मग तिची शाळा. मी काही लुबाडले नाहीत गं. रोज वाटायचं, पुढच्या महिन्यात देऊ. नऊ वर्षं गेली पुढच्या महिन्यात." तो थांबला. "तिच्या चष्म्याची काडी मोडली होती. दोरा बांधून लावायची. माझा पगार व्हायची वाट बघायची. पगाराच्या दिवशी दाराशी येऊन उभी राहायची, बोलायची नाही. मला दिसायचं. आणि मी वर्तमानपत्र वर धरायचो."

बायको त्याच्याकडे वळली नाही. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय?"

"चष्मा मीच नीट करून आणला होता. घरखर्चातून वाचवून. त्या म्हणाल्या, त्याला सांगू नकोस, त्याच्या जिवाला लागेल."

बॉयलरवाला उठला. उठून जायला कुठे जागाच नव्हती, म्हणून परत बसला.

"आपली पोरगी तशी नाही," ती म्हणाली, पण आवाज मघासारखा नव्हता.

"मी तरी कुठे तसा होतो? आईला विचारलं असतंस तर म्हणाली असती, माझा पोरगा गुणाचा आहे. मरेपर्यंत तेच म्हणत होती. वाईट पोरांनाच देतात असं थोडंच असतं? चांगल्या पोरांनाच देऊन बसतात. आणि मग मागता येत नाही, कारण पोर चांगलं असतं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तू दाराशी उभी राहिलेली मला नको. मी नसेन तेव्हा. एवढंच आहे. दुसरं काही नाही."

जिन्यावरून कोणीतरी धापा टाकत वर आलं, विचारलं, "लिफ्ट बंद आहे का?" तो माणूस चिडून आत गेला.

"हे मागच्या आठवड्यात सांगता येत नव्हतं?" बायको म्हणाली. "आठ दिवस आमटीत मीठ कमी आहे म्हणून भांडलात माझ्याशी."

"मीठ खरंच कमी होतं."

ती हसली नाही, पण पिशवीचा बंद तिने सोडला. आतून एक जुना घडी घातलेला कागद काढला. तिच्या शाळेचा दाखला, जन्मतारखेसह. म्हणजे घरून निघतानाच तिने तो घेतला होता. बॉयलरवाल्याने तो पाहिला आणि काही न बोलण्याइतकं शहाणपण दाखवलं.

आत गेले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. बाईंनी मान वर केली.

"कितवा लिहू? दुसरा?"

"थांबा," बायको म्हणाली. "भाडं, किराणा, वीज, यांच्या गोळ्या, सगळं धरून घर सतरा हजारांच्या खाली बसत नाही. चौथा सोळा हजार शंभर म्हणालात. म्हणजे तो पुरत नाही. दुसरा पुरतो, पण मग पोरीला आमच्यामागे भोपळा. तेही मला नको. सगळी रक्कम एकाच रस्त्याने न्यायला हवी असं कुठे लिहिलंय का?"

बाईंनी पेन कानामागून काढलं. "नाही. दोन पॉलिसी घेता येतात. दोन फॉर्म भरावे लागतील."

"मग वीस लाख दुसऱ्यात, दहा चौथ्यात."

बॉयलरवाला म्हणाला, "अगं, पंचवीस घाल दुसऱ्यात. तुला जास्त येतील."

"मला किती लागतात ते मला माहीत आहे. तुम्ही बसा."

बाईंनी आकडे घातले. "बारा हजार एकशे तेहतीस आणि पाच हजार तीनशे सदुसष्ट. साडेसतरा हजार. थोडंफार मागेपुढे. काका असोत नसोत, काकू असोत नसोत, जो मागे राहील त्याला एवढेच. पुढे महागाई वाढली तरी एवढेच, हे लक्षात ठेवा. आणि दोघांनंतर दहा लाख मुलीला."

"वाढणार नाही म्हणता, मग दहा वर्षांनी हे किती पुरणार?" बॉयलरवाल्याने विचारलं. पुन्हा त्याचे पाय हलायला लागले.

"पुरेल तेवढं पुरेल," बायको म्हणाली. "मिळालेली रोख बाजूला ठेवली आहे ना? तिला हात लावायचा नाही. मीही नाही, तुम्हीही नाही. आणा ते इकडे पेन."

बाईंनी दोन फॉर्म पुढे सरकवले. त्याने वाचायला घेतले. प्रत्येक ओळ. कोणाचाही फॉर्म बघायला नव्हता, त्यामुळे वेळ लागला. बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. दुसऱ्या पेन्शनधारकाचं नाव, तिचं. जन्मतारीख, दाखल्यावरून. नातं, पत्नी. त्याने सह्या केल्या आणि फॉर्म तिच्यासमोर ठेवला.

तिने पेन टेकवलं आणि थांबली.

"बाई, ही पेन्शन मला दुसऱ्या कोणाच्या नावावर करून देता येते का? समजा, भावाच्या?"

बॉयलरवाला खुर्चीतून अर्धा उठला.

"नाही, काकू. पेन्शन तुमचीच. विकता येत नाही, गहाण पडत नाही, नावावर करता येत नाही. कोणी कितीही रडलं तरी एका महिन्यात एका महिन्याचीच येणार."

"आणि खात्यात आल्यावर?"

"खात्यात आल्यावर तुमची मर्जी. तुम्ही जाणा."

"अहो बाई, हे कशाला सांगितलंत!" बॉयलरवाला म्हणाला.

"असू दे," बायको म्हणाली. "बहिणीला दर महिन्याला पाचशे देता येतील. पुढचा महिना पुन्हा येतोच." आणि तिने सावकाश, अक्षर अक्षर जोडत, आपलं नाव लिहिलं. दोन्ही फॉर्मवर. शाई वाळेपर्यंत तिने कागद दाबून धरलेलं बोट उचललं नाही, आणि बॉयलरवाला तिच्या मागे उभा राहून, आपण तिला दाराशी उभं राहण्यातून सोडवलं पण मूठ उघडण्यातून नाही, हे बरं की वाईट याचा हिशेब लागत नसल्यासारखा, तिच्या हाताकडे बघत राहिला.